लाल डब्यातल्या चिठ्ठ्या

सूनबाईने विज्ञानाच्या पुस्तकातल्या एकेका धड्यातून स्वतःच प्रश्न काढले होते. एका चिठ्ठीवर एक प्रश्न, मागे उत्तराचा पान क्रमांक. दर रविवारी दुपारी पुस्तक मिटायचं, वीस चिठ्ठ्या काढायच्या आणि तासाभरात उत्तरं लिहायची. बरोबर आलेली चिठ्ठी पत्र्याच्या मोठ्या डब्यात, चुकलेली लाल डब्यात. लाल डब्यातल्या चिठ्ठ्या पुढच्या रविवारी सगळ्यात आधी.

मागच्या वर्षी दहावीला ती विज्ञानातच अडकली होती. या खेपेला सुटली, तर दवाखान्यातल्या फरशा पुसणं थांबून तिथल्याच प्रयोगशाळेच्या प्रशिक्षणाला जाता येणार होतं. परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती.

चिठ्ठ्या काढायचं काम सासूबाईंचं. शिवणयंत्र बाजूला सारून त्या मन लावून बसायच्या. गेले चार रविवार सूनबाईला वीसपैकी अठरा, एकोणीस मिळत होते. घर कसं हलकं झालं होतं!

त्या रविवारी मात्र ती पुस्तक चाळता चाळता थबकली.

"आई, चिठ्ठ्यांत विजेच्या धड्यातलं काहीच निघत नाहीये हो. मी तर त्यावर वीसेक प्रश्न केले होते."

सासूबाईंनी सुईत दोरा ओवायचा बहाणा केला. दोरा काही ओवला जाईना.

"आई?"

"यंत्राच्या खणात आहेत," त्या हळूच म्हणाल्या. "चुकलं की तुझा चेहरा इवलासा होतो गं. मला बघवत नाही. म्हणून लाल डब्यातून उचलून ठेवायचे."

सूनबाईने खण उघडला. बॉबिनांमध्ये एकोणीस चिठ्ठ्या. तिने त्या एकेक करून मोजल्या. आता ही रागावणार, असं सासूबाईंना वाटलं. रागावली असती, तर बरं झालं असतं.

"पेपर काढणारे माझा चेहरा बघणार नाहीत ना हो," ती एवढंच म्हणाली आणि त्या एकोणीस चिठ्ठ्यांवरच लिहायला बसली.

चार बरोबर आले.

त्या आठवड्यात धडा पुन्हा पहिल्यापासून. पाठ करून उपयोग नाही म्हणून ती सासूबाईंनाच शिकवू लागली.

"घरातले दिवे समांतर का जोडतात, सांगा."

"मला काय विचारतेस? मला बटण तेवढं दाबता येतं."

"एकामागे एक जोडले आणि एक गेला, तर सगळे विझतील. समांतर असले की प्रत्येकाला विजेचा पुरता दाब मिळतो, आणि एक गेला तरी बाकीचे चालू राहतात."

"अस्सं होय! मग हे लिहिलं का नाहीस त्या दिवशी?"

दोघी हसल्या.

पुढच्या रविवारी त्याच एकोणीस. सासूबाईंनी पुस्तकातलं पान काढून उत्तरं ताडून पाहिली. पहिल्या तेरा बरोबर. चौदाव्या चिठ्ठीवर सूनबाईचं उत्तर अर्धवट होतं. तिचा चेहरा पडला. सासूबाईंनी तो पाहिला, डोळे पुसले आणि चिठ्ठीवर स्वतःच्या हाताने ठसठशीत फुली मारली.

"पुढच्या रविवारी हीच पहिली," त्या म्हणाल्या.