बासष्ट किलो

सोमवार

मूल्यमापनाचा आठवडा सुरू झाला आणि आहार विभागातल्या सगळ्यांना एकदम कंठ फुटला. सहा महिने ज्यांनी वॉर्डातल्या जेवणाच्या गाड्या मोजण्यापलीकडे काही केलं नव्हतं, त्याही आता गंभीर चेहऱ्याने फिरू लागल्या. आमची शिकाऊ आहारतज्ज्ञ मात्र निवांत होती. तिला सगळं पाठ होतं. पाठ असणं म्हणजे येणं, असं तिचं त्या दिवसापर्यंत प्रामाणिक मत होतं.

शुक्रवारी बाहेरून परीक्षक येणार. प्रत्येकीने एक रुग्ण घ्यायचा, त्याची उंची, वजन, दंडाचा घेर, रक्ताचे रिपोर्ट, खाण्याचा इतिहास असं सगळं मांडायचं, पोषणाचं निदान करायचं, योजना लिहायची आणि ती का लिहिली ते तोंडी पटवून द्यायचं. पास झालं की नोंदणी, नोंदणी झाली की नोकरी. तिच्या आईने तर मावशी, आत्या, शेजारीण सगळ्यांना आधीच सांगून टाकलं होतं.

तिच्या वाट्याला एक म्हातारे शिंपीकाका आले. अन्ननलिकेत गाठ, गिळता येत नाही, बुधवारी नाकातून नळी घालून त्यातून आहार सुरू करायचा. ती गेली तेव्हा काका गळ्यापर्यंत पांघरूण ओढून झोपले होते. उठवायचं कुणी? तिने पायथ्याशी लटकवलेली फाइल उघडली. वजन बासष्ट. उंची एकशे चौसष्ट. चार दिवसांपासून पोटात जवळपास काही नाही. झालं की काम!

मंगळवार

तिच्याबरोबरची दुसरी शिकाऊ, जिला सगळे ‘फूटपट्टी’ म्हणत, ती आज पाऊण तास एकाच रुग्णापाशी टेप घेऊन बसली होती. दंड मोजला, पोटरी मोजली, पुन्हा दंड मोजला. बिचाऱ्या रुग्णाला वाटलं असेल, नवा सदरा मिळतोय.

“अगं, फाइलमध्ये असतं सगळं,” आमची म्हणाली.

“फाइलमध्ये कुणी मोजलेलं असतं?” फूटपट्टी मान वर न करता म्हणाली.

काय हा आव! आमचीने खांदे उडवले आणि हिशोब मांडला. बासष्ट किलोला किलोमागे पंचवीस, म्हणजे साडेपंधराशे कॅलरी, पंपावर ताशी पासष्ट मिली. उपाशी माणसाला एकदम खायला घातलं की रक्तातलं फॉस्फेट धाडकन उतरतं, हृदय गोंधळतं, हे तिला माहीत होतं. पण तो धोका ठरवायचा कसा? वजन किती घटलंय आणि किती दिवस उपाशी, यावरून. उपास चार दिवसांचा, वजन घटलेलं नाही, बांधा ठीक. म्हणून धोका कमी. म्हणून फॉस्फेटची तपासणी नाही, ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं नाहीत. तिने सुवाच्य अक्षरात लिहून टाकलं. मोठ्या मॅडमनी, म्हणजे विभागप्रमुखांनी, फोनवर बोलता बोलता खाली सही ठोकली. निवासी डॉक्टरने त्याखाली आपली. तीन शहाण्यांनी मिळून एका माणसाकडे न पाहता त्याचं पोट भरायचं ठरवलं.

बुधवार

सकाळी दहाला पंप सुरू झाला. आमची संध्याकाळपर्यंत उत्तरांची उजळणी करत बसली.

गुरुवार

सकाळी काका जागे होते. श्वास लागल्यासारखा, आणि घोटे सुजलेले. बोलता मात्र येत होतं.

“पोरी, तो कागद वाचत होतीस ना? माझं वजन किती लिहिलंय?”

“बासष्ट.”

काकांना हसू आलं आणि त्यातच धाप लागली. “बासष्ट कुणी सांगितलं? जावयाने? अगं, तो माझ्या मुलीच्या लग्नातला आकडा. माझी कंबर आता अठ्ठावीस इंच आहे. जन्मभर लोकांची मापं घेतली मी. बासष्ट किलोचा माणूस अठ्ठावीसला बसत नाही गं.”

तिने पांघरूण बाजूला केलं. खांद्याची हाडं, आत गेलेली कानशिलं, दंडावर कातडं आणि कातड्याखाली हाड. सोमवारीही हे सगळं इथेच होतं, फक्त पांघरुणाखाली. ‘पायथ्याशी उभी राहून मी फाइल वाचली,’ तिच्या मनात आलं, आणि स्वतःची इतकी किळस तिला कधीच आली नव्हती.

तिने बसून वजन करायचा खुर्चीचा काटा ओढत आणला, सिस्टरच्या मदतीने काकांना बसवलं. साडेत्रेचाळीस. जवळजवळ तिसरा हिस्सा माणूस गळून गेला होता, आणि त्याला ती बासष्ट किलोवाल्याचं जेवण घालत होती! तिने धावत जाऊन डॉक्टरला सांगितलं. रक्त तपासणीला गेलं. फॉस्फेट किमान पातळीच्या निम्म्यावर. पंप ताशी अठरावर आला, फॉस्फेटची सलाइन लागली, ब-१ची इंजेक्शनं सुरू झाली, छातीला ठोके दाखवणाऱ्या तारा चिकटल्या.

मोठ्या मॅडम दुपारी उगवल्या. दार लावून घेतलं.

“फाइलमध्ये मंगळवारच्या तारखेला साडेत्रेचाळीस टाक.”

“पण मंगळवारी मोजलं नव्हतं.”

“नव्हतं म्हणूनच टाकायचं ना! वजन घेतलं नाही हे परीक्षकाला दिसलं तर तू नापास आणि सही माझी. डोकं चालव जरा.”

तिने डोकं चालवलं. म्हणजे चालवलंच नाही, फक्त पेन चालवलं. आईचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि हात आपोआप लिहिता झाला. भित्र्या माणसाला कारणं शोधावी लागत नाहीत, ती हजरच असतात.

शुक्रवार

परीक्षक बारीक चणीच्या बाई होत्या. फाइल वाचताना त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं.

“मंगळवारी साडेत्रेचाळीस मोजलंत?”

“हो.”

“मग त्याच मंगळवारी साडेपंधराशे कॅलरी लिहिल्यात? फॉस्फेट न बघता? वजन माहीत असून?”

मॅडमना अचानक खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं दिसू लागलं. आमचीला तेव्हा कळलं, की कालच्या त्या एका आकड्याने तिचा निष्काळजीपणा झाकला नव्हता, उलट तो आणखी वाईट ठरवला होता. आळशीपणाची माफी तरी मागता आली असती. आता ती जाणूनबुजून म्हाताऱ्याचा जीव धोक्यात घालणारी ठरत होती.

“मंगळवारी मोजलं नाही,” ती म्हणाली. “जुना आकडा उतरवला. काल मोजलं आणि मागची तारीख घातली.”

“कुणी सांगितलं घालायला?”

मॅडमची मान एकदाची खिडकीवरून वळली. काय ती नजर! सहा महिने ‘बेटा, बेटा’ करणारी हीच बाई.

“मॅडमनी सांगितलं. लिहिलं मी.”

परीक्षकांनी फाइल मिटली. “मॅडम, आपण नंतर बोलू.” मग त्या आमचीकडे वळल्या. “तुमचं मूल्यमापन इथे थांबतंय. प्रशिक्षणाचे आठ आठवडे पुन्हा करावे लागतील. रुग्ण आत्ताच दुसऱ्या कुणाकडे सोपवा.”

दुसरं कुणी म्हणजे फूटपट्टी. अजून कोण असणार! ती वॉर्डच्या दाराशी गळ्यात टेप घालून उभी होती. काका आत झोपले होते, छातीचे ठोके जरा सावरले होते, सकाळचं फॉस्फेट थोडं चढलं होतं. आमचीने फाइल तिच्या हातात दिली.

“सगळं पुन्हा मोज. माझ्या कुठल्याच आकड्यावर विश्वास ठेवू नकोस.”

फूटपट्टीने फाइल काखेत मारली.

“मी कधीच ठेवला नव्हता,” ती म्हणाली, आणि आत जाऊन काकांच्या उजव्या बाजूला खुर्ची ओढून बसली.