तेवीस माणसं आणि एक लिफ्ट

तीन इमारतींच्या सोसायटीचे सेक्रेटरी स्वतःला फार हुशार समजत. सगळ्यांचा एकच ग्रुप होता. त्यात पाणी बंद असल्याची नोटीस टाकली, की वर पार्किंगचं भांडण आणि चाळीस सुप्रभात येऊन बसत. म्हणून सभेची नोटीस त्यांनी ब्रॉडकास्ट लिस्टवरून पाठवली. एकदा लिहायचं, प्रत्येकाला वेगळी पोचते, आणि उत्तर आलंच तर फक्त आपल्याला. किती छान!

सभा लिफ्टची होती. तिसऱ्या इमारतीत लिफ्ट नव्हती आणि तिथेच चौथ्या मजल्यावर सेक्रेटरींची आई एकटी राहायची. गुडघे दुखत असूनही घर सोडायला तयार नव्हती. ठराव या महिन्यात झाला नाही, तर लिफ्टवाले दुसरं काम धरणार होते.

सभेला किमान चोवीस सभासद हवे होते. आले तेवीस. अर्धा तास वाट पाहून अध्यक्षांनी सभा आठवडाभर पुढे ढकलली.

"एकजात आळशी!" घरी येऊन सेक्रेटरी कडाडले.

मुलीने त्यांच्या फोनवर मेसेजची माहिती उघडली. "बाबा, निम्म्यांना पोचलाच नाही. ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय, त्यांनाच ब्रॉडकास्ट जातो."

"माझा नंबर कोणाकडे नाही?"

समोरच्या डॉक्टरीणबाईंकडे नव्हता. "अहो, तुम्ही दारातच असता. हाक मारली की झालं," त्या म्हणाल्या. सेक्रेटरींचं तोंड एवढंसं झालं. यादीत आणखी खाली पाहिलं, तर आईसुद्धा!

ते तरातरा चार मजले चढले. "आई, माझा नंबर सेव्ह नाही तुझ्याकडे?"

"कशाला? पाठ आहे की."

त्यांनी स्वतःचं नाव तिच्या फोनमध्ये घातलं.

मुलीने त्याच रात्री कम्युनिटी काढली. तीन इमारतींचे तीन ग्रुप तिच्याखाली. ज्या इमारतीचं पाणी बंद, त्याच ग्रुपवर त्याची बातमी आणि त्याची भांडणं. सभेसारखं सगळ्यांचं असेल ते घोषणांमध्ये. तिथे फक्त ॲडमिन लिहिणार आणि नंबर सेव्ह नसला तरी ते पोचणार. "आणि ब्रॉडकास्ट?" सेक्रेटरींनी हिरमुसून विचारलं. "समितीच्या सहा जणांना एकेकट्याला मत विचारायला ठेवा. त्यांच्याकडे आहे तुमचा नंबर."

पुढच्या सभेला एकेचाळीस जण आले. आईही कठडा धरून खाली आली. ठराव पास झाला. सेक्रेटरींना इतका आनंद झाला, की आईला वर सोडताना दर मजल्यावर ते तिला कम्युनिटी समजावत होते.

"आता बघ, प्रत्येक नोटीस तुला घरबसल्या मिळेल."

आई जिन्यात दम खायला थांबली. "म्हणजे सांगायला तू वर येणार नाहीस, असंच ना?"