कडेचे केस

मालकांनी तीन वर्षांपूर्वी स्टुडिओतले रंगवलेले पडदे गुंडाळून माळ्यावर टाकले आणि भिंतीवर एक हिरवं कापड लावलं. "एक कापड, हजार बॅकग्राउंड!" असं ते गिऱ्हाइकांना सांगतात. ती हजारही मलाच लावावी लागतात, हे सांगत नाहीत. खोली एवढीशी, त्यामुळे स्टूल कापडाला जवळजवळ चिकटलेलं. दिव्यांचा उजेड कापडावरून उलटून बसलेल्याच्या अंगावर येतो, आणि केस न् खांदे हिरवट होतात. "स्टूल दोन हात पुढे घ्या," हे सांगून सांगून माझ्या जिभेला फोड यायचे बाकी राहिलेत.

शेवटी मी माझी पळवाट काढली. कॉम्प्युटरला हिरवा रंग दाखवायचा, तो तेवढा भाग पारदर्शक करतो. मग माणसाची कड सगळीकडून तीन-चार पिक्सेल आत ओढायची. हिरवी झाक कडेबरोबरच जाते. कडेचे बारीक केसही जातात, पण दिवसाला चाळीस चेहरे उरकायचे असतात. ओळखपत्रावरचे केस कोण बघत बसतंय?

मंगळवारी दुपारी एक शिक्षिका आपला मोठा केलेला फोटो न्यायला आल्या. डोक्याला घट्ट रुमाल बांधलेला. फोटो हातात धरून बराच वेळ बघत राहिल्या.

"यात माझे केस कुठे आहेत?"

"आहेत की," मी म्हणाले.

"हे केस नाहीत, हा टोप आहे."

मालक लगबगीनं पुढे झाले. "त्यात काय, बाई! बसा स्टुलावर, आत्ताच्या आत्ता दुसरा काढतो."

बाईंनी रुमाल मागे सरकवला. खाली एकही केस नव्हता.

"उपचार सुरू व्हायच्या आधी मुद्दाम येऊन फोटो काढून घेतला होता," त्या म्हणाल्या. "केस जाणार, हे डॉक्टरांनी सांगितलंच होतं. माझे केस आयुष्यभर भुरभुरत राहिले. आई ओरडायची, वर्गातली मुलं हसायची. मला तेच हवे होते."

मालक घसा खाकरून आतल्या खोलीत गेले. मी मान खाली घातली. मला माझीच लाज वाटली, आणि तरी मनात आधी आलं ते हेच, की आता सगळं पहिल्यापासून.

महिनाअखेरीला मालक मूळ फोटो पुसून टाकतात. हा अजून होता.

"पाच वाजता या," मी म्हणाले.

कॉम्प्युटरवर काय ठेवायचं आणि काय लपवायचं ते ठरवणारा साचा म्हणजे मास्क. चेहरा आणि अंग एका मास्कमध्ये घट्ट कापून घेतलं. केसांसाठी वेगळा, मऊ मास्क केला, म्हणजे अर्धवट पारदर्शक पिक्सेल अर्धवटच राहतील. कड आत ओढली नाही. अर्थातच सगळ्या डोक्याभोवती हिरवी झालर उगवली. मग फक्त केसांवर आणि खांद्यांवर ब्रश फिरवून, जिथे पिक्सेलमधला हिरवा त्यातल्याच लाल-निळ्याच्या सरासरीपेक्षा वर चढला होता, तिथे तो सरासरीपर्यंत खाली आणला. त्यांच्या मोतिया जाकिटाचा खांदा त्यानं राखाडी पडला. त्याला थोडा उजेड आणि थोडा पिवळेपणा परत दिला. केसही मलूल झाले होते, त्यांना आतल्या केसांचा तपकिरी रंग हलकेच चढवला. मागे फिकट राखाडी बॅकग्राउंड लावलं. मान आखडली, डोळ्यांची आग झाली. ओळखपत्रांचा ढीग तसाच पडून राहिला आणि मालकांनी एकदाही घाई केली नाही.

पाचला बाई आल्या. मी त्यांना खुर्ची दिली आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. त्या पुढे झुकल्या. कपाळावरचे, मानेवरचे, भांगातून उठलेले केस त्यांनी स्क्रीनला बोट न लावता हवेतच चाचपले.

"आता मी आहे," त्या म्हणाल्या. मग बोट कानाजवळ थांबलं. "हा एक मात्र हिरवा राहिलाय."

तो मला माहीत होता. "तो फार बारीक आहे, बाई. कॅमेऱ्यात केस थोडा आणि मागचा हिरवा जास्त आलाय. हिरवा काढला की तो बॅकग्राउंडसारखाच राखाडी होतो, दिसेनासा होतो. तीनदा करून बघितलं. हवं तर त्याच्या जागी मी नवा काढते, ओळखूही येणार नाही."

"तुम्ही काढलेला?"

"हो."

त्यांनी रुमाल कानाजवळ नीट केला. "नको. हिरवा तर हिरवा, पण तो माझा आहे. राहू दे."

मी प्रिंट द्यायला बटण दाबलं.