पहाटेचा हबका

कडोलीत माणसाला नाव पडायला मोठं काही करावं लागत नाही. रूपालीला ते एका खिचडीनं पडलं. गेल्या महाशिवरात्रीला महादेवाच्या देवळात तिनं केलेली साबुदाण्याची खिचडी कढईतून निघाली ती एका गोळ्यातच. उलथणं त्यात उभं रोवलं तर उभंच राहिलं म्हणे. भिंतीवर जाहिराती चिकटवायला हीच खळ वापरा, असं कुणीतरी पंगतीत बोललं आणि गल्लीभर हशा पिकला. तेव्हापासून रूपाली ‘खळवाली’ झाली. टिळकवाडीत वकिलाच्या ऑफिसात ती दिवसभर टायपिंग करते, मोठमोठी माणसं तिला ‘मॅडम’ म्हणतात, पण संध्याकाळी बसमधून उतरली की गावात तिचं मॅडमपण संपतं आणि खळवाली सुरू होते.

एवढ्यावर भागलं असतं तर तिनं हसून सोडून दिलं असतं. पण देवस्थान कमिटीचे हरिभाऊ सगळ्यांसमोर बोलले, “आनि एक डाव बघू. पुन्हा असं झालं तर पुढल्या वर्सापासनं बेळगावचा आचारी आनायचा.” देवळाचं ते स्वयंपाकघर आजवर गल्लीतल्या बायकांच्या हातात होतं. रूपालीची सासू मालुबाई तिथं कैक वर्षं कढईपाशी उभी राहिली. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा तिनं उलथणं सुनेच्या हातात दिलं, आणि पहिल्याच वर्षी हा पराक्रम. आता ती चूल बायकांच्या हातून जाणार होती ती रूपालीमुळं, हे तिच्या जिवाला लागलं होतं.

“भिजवताना पानी लई घातलंस तू,” मालुबाई म्हणाली होती. रूपालीनं ते मानलं. सासूचा शब्द आणि साबुदाण्याची बाब, वाद कशाला घालायचा?

मग वर्षभर ती दर संकष्टीला खिचडी करत राहिली. घरातली माणसं खिचडीचं नाव काढलं की तोंड फिरवायला लागली, पण ती हटली नाही. साबुदाणा चोळून धुवायचा, वरचं पिठाळ पाणी निवळेपर्यंत. मग पाणी घालायचं ते दाण्यांच्या जेमतेम बरोबरीनं, वर तरंगेल एवढं नाही, आणि रात्रभर झाकून ठेवायचा. सकाळी दाणा दोन बोटांत दाबला की त्याचं अलगद पीठ व्हायला हवं. मध्ये कणी लागली तर पाणी कमी पडलं, बोटाला चिकटला तर जास्त झालं. पहाटे ऑफिसची बस गाठायच्या आधी, सासू उठायच्या आत, तिचं सगळं आटपलेलं असायचं. आणि नवल असं, की घरची खिचडी एकदाही बिघडली नाही. मग देवळातच काय झालं होतं? हा प्रश्न तिला कुसळासारखा टोचत राहिला.

यंदा महाशिवरात्रीच्या आदल्या रात्री तिनं देवळात साबुदाणा भिजवला. उंच पातेल्यात घातला तर वरचा कोरडा राहतो आणि तळचा लगदा होतो, म्हणून मोठ्या पसरट पराती मागून आणल्या आणि त्यांत पातळ थर दिला. वरून ताटं झाकली. घरी येऊन पडली, पण डोळा लागेना. शेवटी उजाडायच्या आधीच उठली आणि देवळाकडं निघाली. स्वयंपाकघरात दिवा होता.

आत मालुबाई परातीपाशी बसली होती. शिवरात्रीला पहिला बेल वाहायला ती दरवर्षी अशीच पहाटे येते, त्यात काही विशेष नव्हतं. विशेष होतं ते तिच्या हातात. डाव्या हातात पाण्याचा तांब्या, आणि उजव्या ओंजळीनं ती साबुदाण्यावर पाण्याचा हबका मारत होती. एक परात झाली होती, दुसरी चालू होती.

“आत्या!” रूपाली ओरडलीच. “काय करालाय?”

“व्हय गं, आलीस?” मालुबाई निवांत म्हणाली. “साबू कोरडा वाटला. पहाटंचा हबका मारल्याबगर फुलतोय व्हय? आमच्या आईपासनं हीच चाल हाय.”

रूपालीनं पुढं होऊन तांब्या काढून घेतला. “गेल्या वर्सी बी मारला हुता?”

“तर! दर वर्सी मारतो की मी.”

झालं. वर्षभर टोचणारं कुसळ हातात आलं. रूपालीला आधी रडू आलं आणि मग राग, असा राग की कानशिलं तापली. वर्षभर आपण खळवाली, आणि पाणी घातलं यांनी! वरून ‘पानी लई घातलंस’ म्हणून शहाणपणही शिकवलं! पण बाहेर झुंजूमुंजू होत होतं, अभिषेक उरकला की अख्खी गल्ली पानं मांडून बसणार होती. भांडण दुपारीही करता येतं, खिचडी मात्र आत्ताच करायला हवी होती.

“आत्या, ह्यानंच गोळा हुतोय,” ती म्हणाली.

“मला शिकवतीस? अर्धं आयुष्य गेलं माझं या कढईपाशी.” मालुबाईचा आवाज चढला.

“शिकवत न्हाई. दावते.”

तिनं छोट्या शेगडीवर लोखंडी तवा ठेवला. हबका बसलेल्या परातीतला मूठभर साबुदाणा आणि न शिवलेल्या परातीतला मूठभर, दोन्हींत सारखंच शेंगदाण्याचं कूट आणि मीठ. तुपात जिरं तडतडलं, तशी आधी पहिली मूठ टाकली, ती उतरवून मग दुसरी. दोन बश्या सासूपुढं ठेवल्या आणि कुठली कुठल्या परातीतली ते सांगितलंच नाही. मालुबाईला डोळ्यांनी फरक दिसणार नव्हता. पण साबुदाण्याची पारख तिच्या डोळ्यांत कधी नव्हतीच, ती बोटांत होती.

मालुबाईनं पहिल्या बशीत बोटं घातली. ती चिकटली. सोडवून घेतली तर तार आली. दुसऱ्या बशीत घातली तर दाणे पोरींच्या सागरगोट्यांसारखे सुटे सुटे घरंगळले. तिनं पुन्हा पहिल्या बशीत बोटं घातली, पुन्हा दुसऱ्या.

“पयला साबू जाड येत हुता,” शेवटी ती पुटपुटली. “दगडावानी. राती पानी बी मी कमीच घालत हुतो. हबका लागायचाच त्येला.”

“आता न्हाई लागत, आत्या.”

मालुबाईनं पदराला बोटं पुसली. “मग ह्येचं काय करायचं? सांग.”

‘सांग’ हा शब्द त्या तोंडून सुनेनं पहिल्यांदा ऐकला. राग अजून होताच, पण त्याला बाजूला बसवून रूपाली कामाला लागली. दुसऱ्या परातीला नुकताच ओलावा लागला होता. ती तिनं धुतलेल्या धोतरावर पसरली, वर पंखा सोडला. वरचं पाणी सुकलं की जास्तीचं कूट चोळायचं, म्हणजे दाण्यादाण्यावर कोरडं अस्तर बसतं. पहिली परात मात्र हाताबाहेर गेली होती. तिच्यात उकडलेला बटाटा कुस्करून थालीपीठं करायची ठरली. ती थापायला मालुबाई न सांगता बसली.

शेजारची अंबुबाई बायकांना घेऊन आली तोवर मोठी कढई तापली होती. तूप, जिरं, हिरव्या मिरच्या, बटाट्याच्या काचऱ्या, तोवर आच मोठी. काचऱ्या शिजल्या तशी रूपालीनं आच खाली आणली आणि कूट, मीठ, साखर लावून ठेवलेला साबुदाणा घातला, पण कढईचा तळ जेमतेम झाकेल एवढाच.

एवढ्यात हरिभाऊ डोकावले. “अगं, अभिषेक झाला की! सगळा एकदम वत त्यात. एवढी मोठी कढई काय बगायला हाय?”

“एकदम वतला तर खालचा करपतोय आनि मधला वाफेवर चिकटतोय,” रूपाली कढईवरून नजर न काढता म्हणाली. “थोडा थोडाच करनार.”

“मानसं बसल्यात पंगतीला.”

“बसूद्यात, हरिभाऊ. थालपीठं वाढा तोवर. गरम हाईत.”

हरिभाऊंनी तोंड उघडलं आणि मालुबाईनं थालीपीठांची चळत त्यांच्या हातात दिली. हात भरल्यावर माणूस किती बोलणार? ते गेले.

रूपाली ढवळत बसली नाही, सारखं ढवळलं की दाणा फुटतो आणि चीक सुटतो. ती तळातून उलथणं घालून हलकेच वर करत होती. क्षणभर झाकण, एक वाफ, की झाकण बाजूला. पांढरा दाणा काचेसारखा झाला की लगेच घाणा खाली, कारण त्यापुढं आचेवर राहिला तर वातड होतो. पहिला घाणा, दुसरा, तिसरा. घाम डोळ्यांत उतरत होता आणि ती खांद्यानं तो पुसत होती. उतरवलेली खिचडी परातीत मोकळी पसरून ठेवली होती. अंबुबाई तिच्यावर स्टीलचं झाकण घालायला निघाली, तशी रूपाली तिथनंच म्हणाली, “झाकन नको आक्का, वाफंचं पानी परत खाली पडतंय. फडकं टाका.”

पंगतीत खिचडी वाढली तेव्हा ती पानावर पसरली. गोळा नाही, तार नाही. वर खवलेलं खोबरं आणि लिंबाची फोड. पहिल्या घासापाठोपाठ परत परत वाढायला हाका यायला लागल्या. परात घासूनपुसून रिकामी झाली.

हात धुऊन हरिभाऊ स्वयंपाकघराच्या दारात आले. “रूपाली, जमलं बघ यंदा! आचाऱ्याचं ऱ्हाऊद्यात आता.” मग डोळे मिचकावून म्हणाले, “पर खरं सांग, गेल्या वर्सी काय झालतं गं?”

दारात बायका गोळा झाल्या होत्या. वर्षभर वाट पाहिलेला प्रश्न आयता समोर आला होता आणि उत्तर रूपालीच्या ओठांवर होतं. सांगायला तिची काही हरकत नव्हती. खोटं कशाला बोला, सांगून टाकावं असं तिला मनापासून वाटत होतं.

पण तिच्या आधी मालुबाई उठली. भिंतीला धरत, चाचपडत कोपऱ्यापाशी गेली, तिथला पाण्याचा तांब्या उचलला आणि सुनेच्या हातात दिला.

“गेल्या वर्सी परातीवर राखन नव्हती,” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. “पहाटं एक म्हातारी येऊन पानी मारून गेली. तिला काय कळत नव्हतं. खळवाली ती, माझी सून न्हवं.”

कुणी हसलं नाही.

“पुढल्या वर्सी रातभर परातीपाशी मी बसतो,” मालुबाई म्हणाली. “आनि तेवढा तांब्या घराकडं घिऊन जा रूपाली. या हातांचा भरवसा न्हाई.”