म्यानातल्या लाकडी पट्ट्या

ती म्यानं करायची. तलवार चालवणाऱ्याची मिरवणूक निघते, तलवार घडवणाऱ्याचं नाव होतं, म्यान करणाऱ्याला मात्र कुत्रंसुद्धा विचारत नाही. पण धार राखतं ते म्यानच, हे तिच्या बापाने तिला लहानपणी शेजारी बसवून शिकवलं होतं. बाप गेल्यावर रिसाल्याच्या कारखान्यातली त्याची जागा तिने घेतली. सासूने थोडे दिवस नाक मुरडलं, मग पगार बघून गप्प बसली. नवरा त्याच रिसाल्यात स्वार, धाकटा दीरही तिथेच. दीर भारी बोलघेवडा. "घोडे आम्ही बडवायचे आणि म्यानं वहिनींनी शिवायची," तो म्हणायचा, "आता आईलाही तोफखान्यात घाला म्हणजे झालं."

आधी म्यानं लाकडाची असत, वरून चामडं. पावसात चामडं सुटायचं, घोडा कुशीवर पडला की लाकूड मोडायचं. वरचे वैतागले आणि हुकूम सुटला, यापुढे सगळी म्यानं लोखंडी. दिसायला झकास, मोडायची भीती नाही. तिच्याकडे उरलं पोचे काढणं आणि पट्टे शिवणं.

"लोखंडात लोखंड घालताहेत," ती मिस्त्रींना म्हणाली. "घोडा दुडक्या चालीने निघाला की पातं आत आपटणार. काढताना घासणार, घालताना घासणार. धार टिकेल कशी?"

"मला काय सांगतेस? वर जाऊन सांग. वरच्यांना चकाकी दिसते."

हे मिस्त्री म्हणजे शस्त्रं दुरुस्त करण्यात केस पांढरे झालेला माणूस. एकदा तोंड उघडलं की सुट्टीची घंटा होईपर्यंत मिटायचं नाही. एके दिवशी दीर भाल्याचं टोक बसवून घ्यायला आला आणि सहज म्हणाला, "मिस्त्री, घरोघर बंदुका झाल्या, तरी आपण हे लोखंड कशाला वागवायचं?" झालं! मिस्त्रींनी हातोडी खाली ठेवली.

"अरे शहाण्या, बंदुकीत गोळी असते एक. ती झाडली की दारू ओत, गोळी घाल, गजाने ठास. तेवढ्यात घोडा त्याच्या उरावर येतो. पाऊस पडून दारू भिजली तर बंदूक म्हणजे नुसतं सरपण. म्हणून तर पायदळाने संगीन लावली. पूर्वी ती नळीच्या तोंडातच खुपसायचे, मग बार कुठून काढणार? आता ती नळीवर बाहेरून बसते, तोंड मोकळं राहतं. तिकोनी सुई आहे ती, कांदासुद्धा चिरणार नाही. पण बंदूक अधिक संगीन म्हणजे चांगला लांब भाला झाला की नाही? असे चौकोन करून, खांद्याला खांदा लावून उभे राहिले की घोडा आत शिरत नाही. स्वार शिरेल एखादा, घोडा शहाणा असतो."

"आणि माझा भाला?"

"तो संगिनीपेक्षाही लांब. जमिनीवर आडवा पडलेल्याला समशेर पोचत नाही, भाला पोचतो. पण पहिल्या धडकेपुरताच. रुतून बसला, नाहीतर समोरचा टोकाच्या आत घुसला, की तुझ्या हातात कपडे वाळत घालायची काठी. फेक ती आणि उपस समशेर."

"घोड्यावरून बंदूक मारली तर?"

"मार ना! आपल्याच घोड्याचा कान उडवशील." मग मिस्त्री तिच्याकडे वळले. "तू म्हणतेस ते खरं आहे पोरी. जड रिसाल्यात सरळ तलवारी आहेत, त्या भोसकायला. धार गेली तरी टोक राहतं. भाल्याला टोक पुरतं, संगिनीला धार नसतेच. आपली समशेर वाकवलीय ती ओढून चिरण्यासाठी. तिची धार गेली की उरते वाकडी सळई."

ते हातोडी उचलून पुन्हा ठोकायला लागले. भाले फक्त पुढच्या रांगेला मिळायचे. नवरा मागच्या रांगेत होता. त्याच्याकडे समशेर सोडून दुसरं काही नव्हतं.

कूच करायचा हुकूम आला, तशा सगळ्यांच्या समशेरी सहाणेवर चढल्या. सगळ्यांना सारखीच धार लागली. नवऱ्याचं म्यान मात्र तिने जेवणाच्या सुट्टीत बाजूला घेतलं. तोंडाचे दोन स्क्रू काढले. मऊ, चांगल्या वाळलेल्या लाकडाच्या दोन पट्ट्या घेतल्या, कारण ओल्या लाकडाने पातं गंजतं. नखाएवढ्या पातळ होईपर्यंत त्या तासल्या, पात्याच्या बाकाप्रमाणे आतून कोरल्या, आणि धार कुठेही टेकणार नाही, पातं फक्त पाठीवर आणि अंगावर बसेल, असं बघून आत सरकवल्या. हुकुमात असलं काही बसत नव्हतं. गेला हुकूम खड्ड्यात! तिला नवरा परत हवा होता, बाकी जगाचं काय व्हायचं ते होवो.

निघताना नवऱ्याने समशेर दोनदा काढून घातली. "हिचा खणखणाट होत नाही गं."

"तेल घातलंय," ती म्हणाली.

तो परत आला. दीरही आला. सासूने दोघांच्या तोंडावरून हात फिरवले आणि रडून घर डोक्यावर घेतलं. तिलाही रडायचं होतं, पण नवऱ्याकडे बघून ते राहूनच गेलं. त्याने पायताण काढलं, कोपऱ्यात बसला आणि उजवा हात मांडीखाली सरकवला. मुलगी, नुकती चालायला लागलेली, धावत गेली. त्याने तिला डाव्या हाताने थोपटलं, एखाद्या परक्याच्या पोरीला थोपटावं तसं.

पुढे रोज तेच. डाव्या हाताने जेवायचा. विचारलं की "दुखतोय" म्हणायचा. हाताला ओरखडासुद्धा नव्हता. ती ताट वाढायची, तो जेवायचा, ती ताट उचलायची. दोघं एका खोलीत असे वावरायला लागले, की शेजारी कुणी आहे याचा दोघांनाही पत्ता नसावा. हळूहळू तिलाही काही वाटेनासं झालं. कारखान्यात जायचं, पोचे काढायचे, घरी यायचं.

काय झालं ते शेवटी दिराने सांगितलं, तेही हसत हसत. "धो धो पाऊस, वहिनी. समोर पायदळाचा चौकोन, सगळ्यांच्या बंदुका भिजलेल्या. एरवी संगिनींपुढे आमची डाळ शिजली नसती, पण भाले त्यांच्यावरून पोचले आणि चौकोन फुटला. तेवढ्यात त्यांचे स्वार आले. माझा भाला कुठेतरी रुतून राहिला होता, मग काढली समशेर. एकाच्या खांद्यावर तीन वेळा हाणली. जाड लोकरी कोट, पाण्याने जड झालेला. कोटातून पाणी उडालं बघा, बाकी काही नाही! त्याने मला हाणली, माझ्याही पाठीवर नुसता वळ. दोघं एकमेकांकडे बघायला लागलो. सगळीकडे तेच चाललं होतं, धोब्याच्या घाटासारखं."

"आणि हे?"

दिराचं हसू मावळलं. "दादाने एकच वार केला. त्या माणसाने डोकं वाचवायला हात वर धरला, तो बाहीसकट खाली पडला. तो माणूस ओरडलासुद्धा नाही. घोड्यावर बसून खाली बघत राहिला, काहीतरी पडलंय ते उचलायचंय अशा नजरेने. दादा तेव्हापासून असा झालाय. म्हणतो, सगळ्यांच्या समशेरी सारख्या, मग माझ्याच हातून का झालं? माझ्या हातातच काहीतरी खाटकाचं आहे, म्हणतो."

ती भांडी घासत होती. तिने ती घासून पुसून जागेवर लावली. हात चालू राहिले, बाकी सगळी ती कुठेतरी थांबून गेली होती.

सांगायचं की नाही? सांगावं तर त्याच्या मनावरचा दगड उतरेल. पण तो पट्ट्या उपटून फेकून देणार, तिला उभी जाळणार, आणि पुढच्या वेळी वाकडी सळई घेऊन निघणार. न सांगावं तर तो जिवंत राहील, पण असा. ती असलाही नवरा चालवून घ्यायला तयार होती. जिवंत आहे ना, मग बास. अशा मनाने तिने अख्खा हिवाळा काढला.

मग पुन्हा कूच करायचा हुकूम आला. तो समशेर घेऊन कारखान्यात आला, समोर उभा राहिला आणि म्हणाला, "मी ही उपसणार नाही. कुणी अंगावर आला तर येऊ दे."

आता मात्र तिला राहवलं नाही. अहो, एवढा आटापिटा कशासाठी केला होता? तिने त्याच्या हातातून म्यान ओढून घेतलं, स्क्रू काढले, म्यान उलटं करून आपटलं. दोन पट्ट्या बाकावर पडल्या.

"हे बघा. तुमचा हात नव्हता तो. सगळ्यांची धार लोखंडाने खाल्ली, तुमची ह्यांनी राखली. ह्या मी घातल्या. शिव्या द्यायच्या तर मला द्या, पण हाताला दोष देऊ नका."

त्याने पट्टी उचलून बोटाने चाचपली. मग पात्यावर नख ओढून बघितलं. नखाची साल निघाली.

"म्हणजे ही समशेर कुणाच्याही हातात असती, तरी तो हात पडला असता?"

"पडला असता."

"धाकट्याच्या हातातही?"

"हो."

तो मटकन खाली बसला. त्याचे डोळे भरून आले. ती शिव्यांची वाट बघत उभी राहिली. शिव्या आल्या नाहीत. संध्याकाळी तो उजव्या हाताने जेवला, दोनदा वाढून घेतलं, मुलीला खांद्यावर घेऊन खोलीभर नाचला. सासू पदराने डोळे टिपत राहिली. तिलाही छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. आपला माणूस परत मिळाला, असं तिला खरोखर वाटलं.

मुलीला खाली ठेवता ठेवता तो म्हणाला, "त्या पट्ट्या परत घाल हं. झिजल्या असतील तर नव्या कर. आणि धाकट्यालाही करून दे एक जोडी. बिचारा उगाच कोटावर बडवत बसतो."

तिला वाटलं आपण चुकून ऐकलं. "आणि तो माणूस?"

"कोण माणूस?"

तो मस्करी करत नव्हता. त्याला खरंच आठवावं लागलं.

"त्याचा हात..."

"अगं, तूच म्हणालीस ना, माझा दोष नव्हता म्हणून." त्याने तिच्या पाठीवर थाप मारली, कितीतरी महिन्यांनी. "बघ, आता झोप लागेल मला."

लागलीसुद्धा. तो घोरायला लागला.

दुसऱ्या दिवशी दीर आपलं म्यान घेऊन कारखान्यात हजर. "वहिनी, दादा म्हणाला जादू करून देताय. माझ्या मित्रांचंही काम आहे, चार-पाच जण आहेत." ती त्याच्या आनंदी तोंडाकडे बघत राहिली. ह्याने तीन वार केले होते आणि समोरच्याच्या कोटातून पाणी उडालं होतं, एवढंच. तो माणूसही कुठेतरी आपल्या घरी हेच हसत सांगत असेल. नाही म्हणावं, असं एकदा तिच्या ओठांवर आलं. पण दीर आहे तो. परत यायला हवा. सासूचा मुलगा आहे.

तिला रडू यायला हवं होतं. आलं नाही, तेव्हा ती स्वतःलाच घाबरली, पण ती भीतीही क्षणभरच टिकली.

"समशेर ठेवा तिथे, भावजी," ती म्हणाली. "मापं घ्यायची आहेत."