झाल्यात जमा असलेला स्लॅब

ती लोकांना गाडी चालवायला शिकवायची. शिकाऊ माणसाने चढावर गाडी बंद पाडली, मागे हॉर्नचा गोंगाट सुरू झाला, तरी ती शांतपणे म्हणायची, "काही नाही, क्लच दाबा, परत सुरू करा." तिच्या पायाशी वेगळा ब्रेक होता, त्यामुळे सहसा कुणावर ओरडायची वेळ येत नसे. घरी मात्र तिच्या रागाला ब्रेक नव्हता, असं तिचा नवरा म्हणायचा. तो दवाखान्यात एक्स-रे काढायचा.

त्या दिवशी फोनवर मेसेज आला तेव्हा ती एका बाईंना गाडी वळवायला शिकवत होती. बँकेचा निरोप होता. बिल्डरने बाराव्या मजल्याचा स्लॅब पूर्ण झाल्याचं कळवून पुढच्या टप्प्याचे पैसे मागितले आहेत, ते लवकरच त्याला दिले जातील आणि पुढच्या महिन्यापासून तुमचा हप्ता वाढेल.

तिने गाडी बाजूला घ्यायला लावली आणि निरोप पुन्हा वाचला. आदल्याच दिवशी ती त्या इमारतीवरून गेली होती. तिकडच्या रस्त्याला अजून वस्ती नसल्यामुळे नवशिक्यांना तिथे नेणं तिला सोयीचं पडे. इमारत नवव्या मजल्यावर अडली होती. वरच्या लोखंडी सळया गंजून लाल झाल्या होत्या, आणि कुणीतरी त्यांवर लुंगी वाळत घातली होती.

"काय झालं हो?" स्टिअरिंगवरच्या बाईंनी विचारलं.

"काही नाही. माझं घर न बांधताच तीन मजले वर गेलंय."

ताबा मिळायची तारीख उलटून दोन वर्षं झाली होती. राहत्या घराचं भाडं चालू होतं आणि कर्जाचं व्याजही. ताबा मिळेपर्यंत बँक फक्त व्याज घेत होती, बिल्डरला आतापर्यंत जितके पैसे दिले तितक्यावरचं. हे मुद्दाम निवडलं होतं, कारण भाडं आणि पुरा हप्ता दोन्ही झेपणार नव्हतं. पण त्याचा अर्थ असा की इतकी वर्षं भरूनही मुद्दल तसूभर हललं नव्हतं. शिवाय सुरुवातीला द्यायची रक्कम सासूबाईंनी स्वतःच्या निवृत्तीच्या पैशातून दिली होती. त्या बोलून दाखवत नसत. न बोलता नकाशावरच्या स्वयंपाकघरात ओटा कुठे येईल ते बघत, आणि तेच सुनेला सहन होत नसे.

नवऱ्याने घरी निरोप वाचला आणि फोन सोफ्यावर आपटला.

"बस झालं. उद्यापासून हप्ता बंद. एक पैसा देणार नाही. बघू काय करतात!"

"काय करतात ते विचारून तरी येऊ," ती म्हणाली. "मग बंद कर."

बँकेतला कर्ज अधिकारी पन्नाशीचा, डोळ्यांखाली काळी वर्तुळं आलेला माणूस होता. नवऱ्याने खुर्चीवर बसायच्या आधीच तोंड सोडलं. घर नाही तर हप्ता कसला, तुम्ही आणि बिल्डर एकाच ताटातले, वगैरे. अधिकाऱ्याने ऐकून घेतलं.

"साहेब, कर्ज तुम्ही घेतलंय. बिल्डरने उशीर केला म्हणून आमच्याशी केलेला करार थांबत नाही. हप्ता चुकवलात की पहिल्याच महिन्यात तुमच्या नावापुढे नोंद होते. तीन महिने झाले की खातं थकीत. तुमचं आणि मॅडमचंही, कारण कर्ज दोघांच्या नावावर आहे. उद्या दुसरीकडे घर घ्यायचं म्हटलं तर कुणी दारात उभं करणार नाही. बिल्डरला त्याने खरचटणारही नाही."

"म्हणजे त्याने झोपा काढायच्या आणि आम्ही भरत बसायचं?"

"काही महिने हप्त्याला सवलत मागता येईल. पण हप्ता थांबला तरी व्याज थांबत नाही, ते मुद्दलात चढतं. मुदतही वाढवून मागता येईल, पण तुमच्या मुद्दलाची फेड अजून सुरूच झालेली नाही, त्यामुळे आत्ता त्याचा उपयोग नाही. ताबा मिळाल्यावर बघू."

नवरा उठून उभा राहिला. तिने त्याची बाही धरून त्याला खाली बसवलं.

"बाराव्या मजल्याचे पैसे तुम्ही कुणाच्या शब्दावर देताय?" तिने विचारलं.

"बिल्डरचं पत्र, त्याच्या आर्किटेक्टचा दाखला, आणि आमच्या इंजिनिअरचा पाहणी अहवाल."

"तुमचा इंजिनिअर शेवटचा कधी गेला होता?"

अधिकाऱ्याने संगणकात पाहिलं. मग चष्मा काढून पुसला.

"मॅडम, जुन्या पाहणीवरच पुढचा टप्पा मंजुरीला गेलेला दिसतोय."

"माझ्या नावावरचं कर्ज, आणि तुम्ही न बघता वाटताय?" आता तिचा आवाज इतका चढला की शेजारच्या काउंटरवरची नोटा मोजणारी बाई मोजायची थांबली. "मी लुंगी वाळताना बघितलीय तिथे! नवव्या मजल्यावर! तुमच्या बाराव्या मजल्यावर कोण राहतं, सांगा ना!"

अधिकाऱ्याने हात वर केला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "ओरडू नका, लिहून द्या. तुमच्या लेखी संमतीशिवाय आणि प्रत्यक्ष पाहणीशिवाय यापुढे बिल्डरला पैसे देऊ नयेत, असं. आजच द्या, पोच घ्या. पण कारण स्पष्ट लिहा, काम त्या टप्प्याला पोचलेलं नाही म्हणून. नाहीतर बिल्डर उलट म्हणेल की तुम्हीच पैसे थकवलेत, आणि तुमच्यावरच व्याज लावेल, करार रद्द करायची धमकी देईल."

तिने तिथेच बसून लिहिलं. दोघांनी सह्या केल्या.

"आता इंजिनिअर कधी जाणार?"

"गुरुवारी. पण त्याला गाडी मिळायची..."

"गाडी माझी आहे."

गुरुवारी तिने बँकेच्या इंजिनिअरला शिकाऊ गाडीतून नेलं. छपरावर पाटी, बाजूच्या सीटपुढे जादा ब्रेक. तो पाय अवघडून बसला होता. "चुकून दाबला जाईल," म्हणाला. "दाबा," ती म्हणाली, "पण तिथे पोचल्यावर, बिल्डरचा."

गेटवर बिल्डरचा विक्री व्यवस्थापक हजर होता. फ्लॅट विकताना त्याने त्यांना दोनदा सरबत पाजलं होतं आणि सासूबाईंना आई म्हटलं होतं, म्हणून घरात त्याचं नाव साखरदाणी पडलं होतं.

"ताई, कशाला त्रास घेतलात? फोन करायचा ना! साहेब, आधी ऑफिसात चला, एसी आहे, मग निवांत बघू."

इंजिनिअर घटकाभर घुटमळला. ऊन कडक होतं.

"आधी वर," ती म्हणाली. "मी आणलंय यांना, मीच परत सोडणार."

लिफ्ट नव्हती. कठडा नसलेल्या जिन्याने ते वर चढले. त्यांचा फ्लॅट सातव्या मजल्यावर होता; तिथे सिमेंटच्या रिकाम्या गोण्या आणि पावसाच्या पाण्याचं डबकं होतं. ती आत गेली नाही. नवव्या मजल्यावर अर्धाच स्लॅब टाकलेला होता, अर्ध्यात नुसत्या सळया. त्यापुढे जिना संपला.

"बारावा कुठाय?" इंजिनिअरने विचारलं.

साखरदाणी हसला. "साहेब, माल आलाय, माणसं उद्या परवा येतायत. स्लॅब झाल्यातच जमा आहे."

"झाल्यात जमा म्हणजे झालेला नाही," इंजिनिअर म्हणाला आणि फोटो काढू लागला.

"ताई, जरा समजून घ्या ना. बाजार मंद आहे. पैसे आले तरच काम पुढे सरकेल. तुम्हीच पैसे अडवले तर तुमचंच घर अडणार."

"आजवरचे पैसे कुठे गेले?" ती ओरडली. रिकाम्या मजल्यावर आवाज घुमला आणि कबुतरं फडफडत उडाली. "नववा मजला अर्धा टाकून पळालात, आणि बाराव्याचा दाखला देताना हात कापले नाहीत? माझ्या सासूला आई म्हणालात ना तुम्ही! आईचे पैसे असे खातात?"

साखरदाणी जिन्याकडे वळला. उतरताना सगळ्यात आधी तोच खाली पोचला.

अहवाल गेल्यावर बँकेने तिचेच नव्हे, त्या इमारतीच्या सगळ्या कर्जदारांचे पुढचे टप्पे रोखले. तिचा हप्ता वाढला नाही, होता तेवढाच राहिला. पण दुसऱ्याच आठवड्यात इतर फ्लॅटवाल्यांचे फोन सुरू झाले. सर्वांत जोरात ओरडले ते पाचव्या मजल्यावर फ्लॅट घेतलेले निवृत्त मास्तर.

"तुमच्या आगाऊपणामुळे काम कायमचं बंद पडणार! आमचं काय?"

"मास्तर, काम बंदच आहे. वर जाऊन बघा."

"दोन पैसे मिळाले असते तर चालू झालं असतं!"

"ते दोन पैसे तुमच्या कर्जात चढले असते. फेडणार कोण? तो?"

मास्तरांनी फोन ठेवला. तिला झोप लागेना. ते म्हणतात त्यात थोडं तथ्य असलं तर? बिल्डर खरंच हात वर करून निघून गेला तर? नवरा म्हणाला, "तू नसतं थांबवलंस तरी तो गेलाच असता, फक्त जास्त घेऊन." तिला बरं वाटलं नाही, पण तिने भांडणही काढलं नाही.

बिल्डरची नोटीस आली. अधिकाऱ्याने सांगितलं होतं तशीच, पैसे थकवल्याबद्दल व्याजासकट. तिने उत्तराला इंजिनिअरचा अहवाल जोडला आणि बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या गृहनिर्माण प्राधिकरणाकडे थेट तक्रार केली. तिथल्या वकीलबाईंनी दोन वाटा सांगितल्या. घर हवं असेल तर उशिराच्या प्रत्येक महिन्याचं व्याज बिल्डरकडून मागायचं आणि थांबायचं. नको असेल तर सगळे पैसे व्याजासकट परत मागायचे.

"परत आले तर आधी बँकेचं कर्ज फिटेल," वकीलबाई म्हणाल्या. "उरेल ते तुमचं. आणि निकाल लागेपर्यंत बँकेचा हप्ता चुकवू नका."

त्या रात्री जेवताना सासूबाई घराबद्दल पहिल्यांदा बोलल्या. "मला ते घर नको. त्या माणसाने बांधलेल्या छपराखाली मला झोप यायची नाही."

नवरा म्हणाला, "आई, इतकी वर्षं वाट बघितली..."

"म्हणूनच नको."

त्यांनी पैसे परत मागितले आणि वर्षभर तारखा पडल्या. दर महिन्याला हप्त्याच्या दिवशी नवरा दात-ओठ खात पैसे भरायचा. तिने सकाळची आणखी एक शिकवणी घेतली. शेवटी निकाल त्यांच्या बाजूने लागला. तरी बिल्डर देईना; वसुलीचा आदेश निघून त्याच्या ऑफिसच्या दारावर नोटीस चिकटली, तेव्हा कुठे तो तुकड्या-तुकड्यांनी देऊ लागला. पहिले तुकडे बँकेने घेतले. कर्ज फिटल्यावर सासूबाईंचे पैसे आले. भाड्यात गेलेले पैसे आणि वर्षानुवर्षं भरलेलं व्याज यांचा हिशेब मात्र पुरता जुळला नाही, आणि तिने तो जुळवत बसायचंही सोडून दिलं.

त्याच सुमारास मास्तरांचा फोन आला. आवाज उतरला होता. नववा मजला अजून अर्धाच होता.

"बाई, ते प्राधिकरणाचं... काय काय लागतं हो?"

"त्या वेळी मला आगाऊ म्हणत होतात!" ती कडाडली. "तेव्हाच केलं असतंत तर आज पैसे हातात असते. वय झालंय तुमचं, अक्कल कधी येणार?"

तिने कपाटातून आपली फाईल काढली.

"कागद घ्या समोर," ती म्हणाली, "आणि पेन. सांगते ते लिहा. पहिलं म्हणजे, हप्ता बंद केलाय का? केला असेल तर आधी तो भरा."