मोठ्या सिस्टरांची डोकेदुखी

मोठ्या सिस्टर कॅज्युअल्टीत पेशंट म्हणून आल्या, तरी खाटेवर बसायला तयार नव्हत्या. ऑपरेशन थिएटरच्या इन्चार्ज त्या. या हॉस्पिटलातल्या निम्म्या डॉक्टरांना हातमोजे कसे घालायचे ते त्यांनीच शिकवलेलं.

"एक इंजेक्शन दे दुखण्याचं, की चालले मी वर," त्या ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरणीला म्हणाल्या. "पहिली केस लागलीय."

"दुखतंय कुठं?"

"डोकं. मागे, इथं." त्यांनी मानेच्या वर हात ठेवला आणि लगेच काढला. "काल संध्याकाळपासून. मान अवघडलीय, दुसरं काही नाही."

"दहापैकी किती?"

"चार."

दारातून त्यांचे यजमान आत आले. शाळेची बस चालवायचे. तिची फेरी आटपून थेट इकडे आले होते. "डॉक्टर, हिचं चार म्हणजे आपलं चौदा बरं का. बाळंतपणात हिनं सहा सांगितलं होतं."

"अहो, तुम्ही बाहेर थांबा."

"थांबतो की. पण काल उलटी झाली ते ही सांगणार नाही, म्हणून मी सांगून जातो."

डॉक्टरणीनं पेन खाली ठेवलं. किती दुखतं, या प्रश्नाला सिस्टर कधीच खरं उत्तर देणार नाहीत हे तिला पक्कं ठाऊक होतं. हिमतीचा अभिमान माणसाला खोटं बोलायला लावतो. म्हणून तिनं प्रश्नच बदलला.

"सिस्टर, दुखायला लागलं तेव्हा नेमकं काय करत होतात?"

"लेकाशी फोनवर बोलत होते. म्हटलं, किल्ली शेजारच्या..." त्या थांबल्या. "काकूंकडे म्हणायचं होतं. ते म्हणताच आलं नाही. मागून कुणी फावडं घातलं असं वाटलं."

बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण काय सांगून बसलो. डॉक्टरणीच्याही आलं. हळूहळू वाढणारी डोकेदुखी दुपारपासून आहे की चारपासून, हे माणसाला धड सांगता येत नाही. ज्याला अर्धा राहिलेला शब्दसुद्धा आठवतो, त्याचं दुखणं एका क्षणात टोकाला गेलेलं असतं.

"आयुष्यात कधी एवढं दुखलं होतं?"

सिस्टर अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "नाही."

"हनुवटी छातीला लावून दाखवा."

ती अर्ध्यावरच अडली. "उशी बदललीय मी," त्या म्हणाल्या.

"बरं झालं. आता खाटेवर आडव्या व्हा. थिएटरला मी कळवते."

सिस्टर आडव्या झाल्या. दारातच थांबलेल्या यजमानांच्या चेहऱ्यावरचं हसू तेव्हा पहिल्यांदा उतरलं.

डोक्याचा सीटी लगेच झाला. स्वच्छ आला. रक्त कुठं नाही, सूज नाही. सिस्टर उठून चपला शोधू लागल्या. "बघ! उगीच सगळ्यांना घोर लावलास."

"देव पावला," यजमान म्हणाले. "चल, घरी जाऊन झोप काढ."

कॅज्युअल्टीचे मोठे सर पडद्यावर चित्र बघत उभे होते. त्यांनी डॉक्टरणीकडे मान वळवली. "पेशंट तुझा आहे. सोडायचं?"

"नाही सर. हे काल संध्याकाळचं आहे. पहिल्या सहा तासांत सीटी झाला असता तर त्याच्यावर बराच भरवसा ठेवता आला असता. आता रात्र उलटून गेलीय. थोडंच रक्त असेल तर पातळ होऊन दिसेनासं होतं. पाठीतलं पाणी काढून बघायला हवं, रक्त असेल तर त्यात उतरलेलं दिसेल. आणि ते चांगलं आलं तरी रक्तवाहिन्यांचं चित्र काढायचं. गुठळी असू शकते, मानेतली वाहिनी आतून फाटलेली असू शकते."

"मग पेशंटला समजाव," सर म्हणाले आणि बाजूला झाले. ते काम जास्त अवघड होतं.

"माझ्या पाठीत सुई?" सिस्टर म्हणाल्या. "अगं, तुझ्या जन्माआधीपासून मी या सुईसाठी पेशंट धरतेय. सीटी चांगला आला ना? वर माझ्यावाचून खोळंबलंय सगळं."

डॉक्टरण खाटेच्या कडेला बसली. "सिस्टर, मेंदूतल्या वाहिनीवर फुगा येऊन तो कालच फुटला असेल आणि तात्पुरता बुजला असेल, तर तो परत फुटू शकतो. दुसऱ्यांदा फुटल्यावर पुष्कळ लोक हॉस्पिटलपर्यंत पोचत नाहीत. तुम्ही मला घरी जाऊन फोन करणार नाही. तुम्ही गॅसजवळ पडलेल्या सापडाल. मी चुकले तर तुमची पाठ दोन दिवस दुखेल आणि तुम्ही मला वर्षभर बोलाल. चालेल मला."

यजमानांनी वाकून सिस्टरांच्या चपला उचलल्या आणि सरळ खाटेखाली सारल्या. "ही जागची हलणार नाही, डॉक्टर. तुम्ही सुरू करा."

"अहो!"

"अहो-बिहो काही नाही. आयुष्यभर ऐकलं तुझं, आज एक दिवस ऐकणार नाही."

रक्त पातळ करणारी गोळी चालू नाही ना, हे डॉक्टरणीनं विचारून घेतलं. सिस्टर कुशीवर वळल्या, गुडघे पोटाशी घेतले, आणि भिंतीकडे तोंड करूनच हुकूम सोडू लागल्या. "पाठ कडेला आणू? कमरेच्या हाडाची रेघ धर. घाई करू नकोस. भूल दिल्यावर थांब जरा."

"थांबलेय, सिस्टर."

सुई गेली. पहिल्याच टोचणीत पाणी थेंब थेंब उतरू लागलं. एकापाठोपाठ चार नळ्या भरल्या.

"आलं?" भिंतीकडून आवाज आला.

"आलं."

"रंग?"

डॉक्टरणीनं पहिली आणि शेवटची नळी पांढऱ्या कागदासमोर धरली. खोटं सांगण्यात अर्थ नव्हता. हा प्रश्न विचारणारीला उत्तराचा अर्थ कळत होता. "गुलाबी. पहिली आणि चौथी सारखीच."

सुईनं एखादी बारीक शीर दुखावली तर पहिली नळी लाल येते आणि पुढच्या फिक्या होत जातात. इथं तसं नव्हतं. तरीही खात्री हवी होती, म्हणून तिनं नळ्या प्रयोगशाळेत स्वतः नेल्या. यंत्रात फिरवल्यावर रक्तपेशी तळाला बसल्या, पण वरचं पाणी नितळ झालं नाही. ते पिवळं होतं. तो पिवळेपणा रक्त तिथं काही तास पडून राहिल्याशिवाय येत नाही. म्हणजे हे रक्त कालचं होतं.

औषध टोचून काढलेल्या चित्रात फुगा सापडला: मेंदूच्या मागच्या भागाला जाणाऱ्या वाहिनीवर, मुगाच्या दाण्याएवढा. रक्तदाब आटोक्यात ठेवून सिस्टरांना आत घेतलं. मांडीतल्या वाहिनीतून नळी थेट फुग्यापर्यंत नेली आणि केसासारख्या तारेची वेटोळी भरून तो आतून बंद केला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरण आयसीयूत गेली. सिस्टर जाग्या होत्या. डोळ्यांत टॉर्च मारणाऱ्या नव्या नर्सला त्या टॉर्च बाजूनं कसा आणायचा ते सांगत होत्या. पुढचे दोनतीन आठवडे धोका पुरता टळत नाही, वाहिन्या आकसू शकतात, म्हणून वेळच्या वेळी गोळ्या आणि सतत नजर हवी. पण हात-पाय हलत होते, बोलणं पूर्ण होतं, आणि जीभ पूर्वीसारखीच चालत होती.

फुगा बंद करणारे मोठे डॉक्टर राउंडला आले. सोबत शिकणाऱ्यांचा घोळका. "सिस्टर, काम झकास झालंय बघा," ते म्हणाले.

"झालं असेल. तुमचे हात चांगलेच आहेत," सिस्टर म्हणाल्या. "पण तुमच्या टेबलापर्यंत मला पोचवलं कुणी ते विचारा. मी चपला घालून निघणारच होते. नवरासुद्धा माझ्या बाजूनं होता."

"नंतर नव्हतो," कोपऱ्यातून यजमान म्हणाले.

"गप्प बसा." सिस्टरांनी हात उचलून पायथ्याशी उभ्या असलेल्या डॉक्टरणीकडे बोट केलं. "हिनं. स्वच्छ सीटीसमोर उभं राहून नाही म्हणाली. मला नाही म्हणाली! आणि पाणी एका टोचणीत काढलं. मी मोजत होते."

घोळका वळून बघू लागला. एरवी सिस्टरांनी नाव घेतलं की डॉक्टरण मान खाली घालून, काय चुकलं, ते आठवू लागायची. आज तिनं मान वर ठेवली.

"हनुवटी छातीला लावून दाखवा, सिस्टर," ती म्हणाली. "आजची तपासणी राहिलीय."